थ्रीडी प्रिंटरवर दुरून देखरेख

प्लास्टिकचा तंतू वितळवून वस्तू घडविणारा थ्रीडी प्रिंटर आपण काय घडवीत आहोत हे पाहू शकत नाही. सुमारे पावणेदोन मिलिमीटर जाडीचा तंतू, म्हणजे फिलामेंट, तापलेल्या नोझलमध्ये ढकलला जातो आणि ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर पडून थरावर थर बसत जातो. नोझल इकडून तिकडे नेणाऱ्या मोटारींना इतके टप्पे फिरा एवढाच हुकूम मिळतो. त्या खरोखर तेवढ्या फिरल्या किंवा नाही, आणि टाकलेले प्लास्टिक जागेवर बसले किंवा नाही, याची कसलीही वार्ता सामान्य यंत्रात उलट येत नाही. त्यामुळे वस्तू उखडून खाली पडली तरी यंत्र हवेत धागे ओढीत राहते, आणि पडद्यावर काम ६३ टक्के झाले असे दिसत असते. ते टक्के हुकुमांची यादी किती वाचून झाली याचे असतात. घडलेल्या वस्तूशी त्यांचा संबंध नसतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी यंत्राशेजारी एक लहानसा संगणक-बोर्ड आणि कॅमेरा ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा बोर्ड २०१२ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी जर्मनीतील गिना ह्यॉयस्गे यांनी ऑक्टोप्रिंट ही आज्ञावली लिहिण्यास आरंभ केला. ऑक्टोप्रिंट यूएसबी तारेतून प्रिंटरला एकेक ओळ पाठविते, प्रिंटरने `ok` असे उत्तर दिले की पुढची ओळ धाडते, आणि कॅमेऱ्याचे चित्र व तापमानाचा आलेख एकाच पानावर दाखविते. त्याच पानावर काम रद्द करण्याचे बटणही असते. ते दाबल्यावर नेमके काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल म्हैसूरच्या विजयनगर भागातील एका घराची कल्पना करावी. माडीवरच्या खोलीत प्रिंटर आहे आणि घरमालक कामानिमित्त सुमारे दीडशे किलोमीटरवरील बंगळूरला गेलेले आहेत. घडवावयाची पेटी ६० मिलिमीटर उंच आहे. ०.२ मिलिमीटरचा एक थर धरल्यास ३०० थर होतात, आणि एका थरास दोन मिनिटे लागत असल्याने एकूण दहा तास लागतात. सकाळी आठ वाजता काम सुरू झाले. नोझल २०५ अंशांवर आहे आणि खालचा तापलेला पाट, ज्यास बेड म्हणतात, ६० अंशांवर आहे.

साडेनऊच्या सुमारास ते फोनवर चित्र उघडतात. तेव्हा पंचेचाळिसावा थर चालू असतो. पहिला प्रश्न असा की, चित्र आताचेच आहे का? इंटरनेटचा प्रवाह अडखळला, तर शेवटचे चित्र पडद्यावर तसेच थिजून राहते आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. यास्तव सेकंदकाटा असलेले एक स्वस्त घड्याळ कॅमेऱ्याच्या टप्प्यात ठेवणे हा उत्तम उपाय होय. कॅमेराही वरून न लावता बेडच्या पातळीला बाजूने लावावा. कोपरा उचलला गेला, तर खालची काळी फट बाजूनेच दिसते. येथे तशी फट दिसते आहे, पेटीचा एक कोपरा वर वळला आहे, आणि नोझल जाताना पेटी किंचित हलते. अर्ध्या तासात ती उखडेल.

मालक काम रद्द करतात, तरी यंत्र थांबत नाही. याचे कारण बिघाड नव्हे. मार्लिन ही प्रिंटरच्या आत चालणारी प्रचलित आज्ञावली पुढच्या हालचाली आधीच मागवून ठेवते. बहुधा सोळा हालचाली आखून तयार असतात व आणखी चार हुकूम रांगेत असतात. नोझल सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने जात असेल आणि प्रत्येक हालचाल २० मिलिमीटरची असेल, तर एकीस ०.४ सेकंद, म्हणजे विसांना आठ सेकंद लागतात. पेटीच्या १५० मिलिमीटर लांब भिंती भरल्या जात असतील, तर तोच काळ एक मिनिटापर्यंत जातो. अशा वेळी घाबरून पुन्हापुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही.

रद्द झाल्यावर काय करावे हे ऑक्टोप्रिंटमध्ये लिहून ठेवता येते. मुळातील सूचना उष्णता व मोटारी बंद करतात, परंतु नोझल वस्तूला टेकलेलेच राहते आणि निवताना तेथे चिकटते. म्हणून आधी ते दहा मिलिमीटर उचलावे:

```
M104 S0
M140 S0
G91
G1 Z10 F600
G90
M84
```

पहिल्या दोन ओळी नोझल व बेडची उष्णता बंद करतात, मधल्या तीन नोझल वर नेतात आणि शेवटची मोटारी सोडते.

याहून कठोर हुकूम `M112` हा आहे. मार्लिनमध्ये तशी सोय चालू ठेवलेली असेल, तर तो रांगेत न थांबता येताक्षणीच वाचला जातो. उष्णता तत्काळ बंद होते, आणि यंत्र पुन्हा चालू करीपर्यंत कोणताही हुकूम मानीत नाही. ती सोय नसल्यास `M112` देखील इतरांच्या मागे उभा राहतो. तिसरा मार्ग दुरून बंद करता येणाऱ्या प्लगने वीज तोडण्याचा. तो सर्वांत खात्रीचा, परंतु २०५ अंशांवर वीज गेली की नोझलच्या वरचा भाग थंड ठेवणारा पंखाही थांबतो. उष्णता वर चढून तेथील फिलामेंट मऊ होते व नळीत अडकते. म्हणून आग किंवा धूर नसेल, तर आधी काम रद्द करावे आणि आलेख ५० अंशांखाली आल्यावरच वीज तोडावी. बोर्डाची वीज मात्र निराळ्या प्लगवर हवी, नाहीतर प्रिंटरबरोबर डोळाही मिटतो.

मालकांनी साडेनऊऐवजी सायंकाळी पाहिले असते, तर? सुटलेली पेटी कधी नोझललाच चिकटते. मग बाहेर पडणारे प्लास्टिक तापलेल्या ठोकळ्याभोवती साचून गोळा होतो, आणि तो तापमान मोजणाऱ्या संवेदकाची तार ओढून काढू शकतो. सुटलेला संवेदक खोलीचे तापमान दाखवितो. नोझल थंड आहे असे समजून यंत्र उष्णता वाढवीतच राहते. हा धोका कॅमेऱ्याने टळत नाही, कारण त्या क्षणी कोणी पाहात असेलच असे नाही व इंटरनेट चालू असेलच असेही नाही. येथे मार्लिनची स्वतःची सुरक्षा उपयोगी पडते: उष्णता देऊनही ठरलेल्या अवधीत तापमान वाढले नाही, तर ती यंत्र बंद करते. काही जुन्या स्वस्त यंत्रांत ही सोय बंद ठेवलेली असे. तिची परीक्षा सोपी आहे. वीज बंद करून नोझल तापविणाऱ्या घटकाची तार सोडवावी, यंत्र चालू करून १०० अंशांचा हुकूम द्यावा. एकदोन मिनिटांत यंत्राने चूक दाखवून थांबले पाहिजे. नुसते वाट पाहात राहिले, तर ते घरी कोणी नसताना चालविण्याच्या योग्यतेचे नाही, मग कॅमेरे कितीही असोत.

मात्र विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा घटकच चालू अवस्थेत जळून चिकटला, तर मार्लिनचा वा `M112` चा काहीच इलाज चालत नाही. तेथे केवळ प्लग कामी येतो, आणि तोही इंटरनेटवर अवलंबून असल्याने शेजाऱ्याकडे घराची किल्ली असणे हे अधिक भरवशाचे.

बंगळूरहून विजयनगरच्या बोर्डापर्यंत पोहोचण्याची वाटही विचारपूर्वक निवडावी लागते. राउटरमध्ये दार उघडून ऑक्टोप्रिंट सरळ इंटरनेटवर ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग. सप्टेंबर २०१८ मध्ये सॅन्स इंटरनेट स्टॉर्म सेंटरने अशा रीतीने उघडे पडलेले ३,७०० हून अधिक ऑक्टोप्रिंट दाखवून दिले होते. त्यांत परका मनुष्य कॅमेरा पाहू शकत असे, फाइली उतरवू शकत असे आणि यंत्र तापवूही शकत असे. त्यापेक्षा बोर्ड व फोन यांच्यामध्ये व्हीपीएनची खाजगी वाट बांधावी. अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो, आणि तेथे बाहेरून दार उघडणे मुळातच शक्य होत नाही. परंतु बोर्डानेच आतून बाहेर जोडणी सुरू केल्यास अशी अनेक खाजगी जाळी तेथेही चालतात. जाण्यापूर्वी घरचे वायफाय बंद करून, फोनच्या मोबाइल डेटावर, रिकाम्या यंत्रावर एकदा रद्द करण्याचे बटण दाबून पाहावे आणि यंत्र थांबण्यास किती सेकंद लागतात ते मोजून ठेवावे.