प्रबंधाच्या गोषवाऱ्याचे एक पान : प्रश्न, कळीचे शब्द आणि योगदान

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावी पाण्याचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास सांगतो, ‘यावर विद्यापीठात प्रबंध झालेला आहे.’ प्रबंध असतोही. परंतु तो ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात असतो आणि सहसा घरी नेता येत नाही. मग तेथे गेलेला शिक्षक वा ग्रामपंचायत सदस्य परवानगी घेऊन सुरुवातीच्या गोषवाऱ्याच्या पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन येतो. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संचयावर मिळू लागल्यापासून अशी पाने घरबसल्याही हाती येतात; मात्र जुन्या प्रबंधांच्या बाबतीत तीदेखील बहुधा पानांची चित्रेच असतात. त्या एका पानावरून गावच्या आराखड्यात काय लिहावयाचे, हा यापुढचा प्रश्न. घाई येथेच होते.

पुढील विवेचनासाठी एक नमुन्याचे पान रचले आहे. असा प्रबंध अस्तित्वात नाही आणि त्यातील आकडे केवळ सरावापुरते आहेत, हे ध्यानात ठेवावे. पान १९८१ सालचे, टंकलिखित आहे असे मानू. वाक्यांना क्रमांक सोयीसाठी दिले आहेत.

‘(१) रोजगार हमी योजनेखाली उस्मानाबाद जिल्ह्यात अनेक पाझर तलाव बांधण्यात आले. (२) त्यांमुळे परिसरातील विहिरींच्या पाण्यात वाढ झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. (३) तथापि ही वाढ तलावापासून किती अंतरापर्यंत पोचते व उन्हाळ्यापर्यंत टिकते काय, याचा पद्धतशीर अभ्यास या भागात झालेला नाही. (४) प्रस्तुत प्रबंधात तामलवाडी परिसरातील एका पाझर तलावाखालील १८ व तलावाच्या प्रभावाबाहेरील १२ अशा एकूण ३० विहिरींची पाणीपातळी दोन वर्षे दरमहा मोजण्यात आली. (५) तलावापासून ५०० मीटरच्या आतील विहिरींत मार्चअखेरपर्यंत पाणी टिकल्याचे आढळले; त्यापलीकडे लक्षणीय फरक आढळला नाही. (६) तलावातील गाळाचा पाझरावर होणारा परिणाम अभ्यासलेला नाही. (७) विहिरीचे अंतर व महिना या दोहोंवरून पाझर तलावाचे लाभक्षेत्र ठरविण्याची पद्धत या प्रबंधात मांडली आहे. (८) शासनाने असे तलाव गावोगाव बांधावेत, अशी शिफारस करण्यात येत आहे.’

पहिले काम छायाचित्राचे. प्रबंधाची बांधणी जाड असल्याने पान मध्यभागी वळते आणि आतल्या समासालगतचे शब्द सावलीत जातात. पान हलक्या हाताने सपाट धरावे, उजेड बाजूने यावा, झोत वापरू नये आणि पानाचे चारही कोपरे चित्रात यावेत. चार कोपऱ्यांचा आग्रह निष्कारण नाही. मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. पाचव्या वाक्यातील ‘नाही’ हा शब्द ओळीच्या टोकाला असेल आणि समास कापला गेला असेल, तर ‘त्यापलीकडे लक्षणीय फरक आढळला’ असे वाक्य उरते. ते व्याकरणाला धरून आहे, अर्थ मात्र नेमका उलटा आहे; म्हणून वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. ज्या चित्रात ओळींची टोके दिसत नाहीत, ते पुन्हा घ्यावे. त्याच वेळी मुखपृष्ठाचेही छायाचित्र घ्यावे, कारण गोषवाऱ्याच्या पानावर वर्ष आणि विद्यापीठाचे नाव क्वचितच असते.

पानावरील मजकूर संगणकाकडून अक्षरबद्ध करून घेता येतो. टेसरॅक्ट ही मुक्त आज्ञावली मराठी वाचते:

```
tesseract paan.jpg gosvara -l mar
```

यातून `gosvara.txt` ही धारिका तयार होते. चित्र तीनशे बिंदू प्रति इंच या तपशिलाचे, म्हणजे ए-४ आकाराच्या पानासाठी सुमारे २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे असावे. तरीही टंकलिखित पानावर ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ होणे, अनुस्वार गळणे हे प्रकार घडतात. शब्दातील चूक डोळ्याला खटकते. अंकातील खटकत नाही. ५ आणि ६, १ आणि ९ या जोड्या पुसट छपाईत एकमेकांसारख्या दिसतात. येथे पानच मदतीला येते. १८ आणि १२ मिळून ३० होतात, म्हणून चौथ्या वाक्यातील तिन्ही अंक बरोबर वाचले गेले असे समजावयास आधार आहे. ‘५०० मीटर’ला असा सोबती पानावर नाही. तो अंक मूळ चित्रात मोठा करून पाहावा आणि तरीही खात्री नसेल तर सारांशात ‘५०० (अस्पष्ट)’ असेच लिहावे.

आता संशोधन प्रश्न. गोषवाऱ्यात तो प्रश्नचिन्हासह क्वचितच असतो. उतावळा वाचक शीर्षक उचलतो आणि ‘पाझर तलावांचा अभ्यास’ असे लिहून मोकळा होतो. हा विषय झाला. याला उत्तर देता येत नाही. प्रश्न शोधण्याची जागा म्हणजे ‘तथापि’, ‘परंतु’, ‘अद्याप’ अशा शब्दांनी सुरू होणारे वाक्य, कारण तेथे संशोधक ज्ञानातील उणीव दाखवितो. नमुन्यात ते तिसरे वाक्य आहे. त्यातील नकार काढून उरलेला मजकूर प्रश्नार्थक केला, की प्रश्न हाती येतो: ‘पाझर तलावामुळे विहिरींच्या पाण्यात होणारी वाढ किती अंतरापर्यंत पोचते आणि ती उन्हाळ्यापर्यंत टिकते काय?’ तो बरोबर निघाला की नाही, हे चौथ्या वाक्याशी ताडून पाहावे. तेथे विहिरी अंतराने विभागल्या आहेत आणि मोजणी दरमहा झाली आहे. म्हणजे अंतर आणि काळ हे प्रश्नाचे दोन्ही भाग पद्धतीत उतरले आहेत. जो प्रश्न पद्धतीत कोठेच दिसत नाही, तो सारांश करणाऱ्याने स्वतःच्या मनातून घातलेला असतो.

दुसऱ्या वाक्याचा सापळा याहून नाजूक आहे. मराठी प्रबंधांत कर्मणी रचना फार. त्यामुळे बोलणारा कोण, हे झाकले जाते. ‘मानले जाते’ हे लोकांचे मत आहे, ‘आढळले’ हा संशोधकाचा निष्कर्ष आहे आणि ‘मांडली आहे’ ही त्याची निर्मिती आहे. तिन्ही क्रियापदे एकाच संथ सुरात येतात. पेन्सिलीने त्यांच्याखाली वेगवेगळ्या खुणा केल्या, तर ‘विहिरींच्या पाण्यात वाढ झाली’ हे समजुतीचे वाक्य निष्कर्ष म्हणून सारांशात शिरत नाही.

कळीच्या शब्दांबाबत भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांची दृष्टी उपयोगी पडते. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. विषयाची पाच अंगांनी फोड करावी, असे त्यांनी पुढे मांडले: मूळ वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. या पानाला ती लावली, तर वस्तू म्हणजे पाझर तलाव व विहीर, द्रव्य म्हणजे भूजल, क्रिया म्हणजे पाण्याचे पुनर्भरण, स्थळ म्हणजे तामलवाडी आणि काळ म्हणजे प्रबंधाचे वर्ष. ‘अभ्यास’, ‘विकास’, ‘परिणाम’ हे शब्द निम्म्या प्रबंधांना लागू पडतात, म्हणून ते घेऊ नयेत. ‘भूजल’ व ‘पुनर्भरण’ हे शब्द पानावर नाहीत, ते सारांश करणाऱ्याने घातले आहेत. असे शब्द चौकटी कंसात लिहिण्याची शिस्त ठेवावी.

स्थळाचा शब्द साधा वाटतो, पण या जिल्ह्यात तो सर्वांत फसवा आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. तेव्हा केवळ नवे नाव लिहिले तर जुन्या नोंदी सापडणार नाहीत आणि केवळ जुने लिहिले तर आजचा शोधणारा चुकेल. दोन्ही द्यावीत. शिवाय १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९८१ च्या पानावरील ‘उस्मानाबाद जिल्ह्यात’ या शब्दांत लातूरचा भागही येतो. अशा पानावरील जिल्ह्याचा आकडा आजच्या धाराशिवच्या आकड्याशेजारी ठेवला, तर तलाव वा विहिरी कमी झाल्याचा आभास होईल. मुखपृष्ठाच्या छायाचित्राचा आग्रह याचसाठी.

मुख्य योगदान म्हणून पुष्कळ जण शेवटचे वाक्य उतरवतात. नमुन्यात ते आठवे आहे आणि ती शिफारस आहे. शिवाय ती पुराव्याच्या पुढे गेलेली आहे, कारण एका तलावाच्या मोजणीवरून ‘गावोगाव’ म्हणता येत नाही. योगदान म्हणजे हा प्रबंध नसता तर जे उपलब्ध झाले नसते ते. येथे ते सातव्या वाक्यात आहे: अंतर आणि महिना यांवरून लाभक्षेत्र ठरविण्याची पद्धत. पाचवे वाक्य हा तिच्या आधारे मिळालेला निष्कर्ष असून तो वेगळ्या रकान्यात जावा. काही गोषवाऱ्यांत ‘मांडली’, ‘विकसित केली’, ‘प्रथमच’ असे शब्द आढळतच नाहीत. तेव्हा निष्कर्षालाच योगदान मानावे, परंतु ‘प्रथमच’ हा शब्द आपल्या पदरचा जोडू नये.

पूर्ण सारांश असा होईल. कंसातील क्रमांक आधाराच्या वाक्याचा आहे.

संशोधन प्रश्न : पाझर तलावामुळे विहिरींच्या पाण्यात होणारी वाढ किती अंतरापर्यंत पोचते व उन्हाळ्यापर्यंत टिकते काय? (३)
पद्धत : ३० विहिरी, १८ तलावाखाली व १२ प्रभावाबाहेर, दोन वर्षे मासिक मोजणी. (४)
निष्कर्ष : ५०० मीटरच्या आत मार्चअखेरपर्यंत पाणी टिकले, त्यापलीकडे लक्षणीय फरक नाही. (५)
मुख्य योगदान : अंतर व महिना यांवरून लाभक्षेत्र ठरविण्याची पद्धत. (७)
कळीचे शब्द : पाझर तलाव, विहीर, पाणीपातळी, लाभक्षेत्र, रोजगार हमी योजना, तामलवाडी, उस्मानाबाद जिल्हा, १९८१ (मुखपृष्ठ), [धाराशिव], [भूजल], [पुनर्भरण].
मर्यादा : एकच तलाव (४); गाळाचा परिणाम अभ्यासलेला नाही (६).
पानावर नाही : त्या दोन वर्षांतील पाऊस, विहिरींची खोली, उपसा.

शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. परंतु मोजणीची दोन वर्षे चांगल्या पावसाची होती की नाही, हे कळल्याशिवाय मार्चअखेरचे पाणी तलावाचे किती आणि पावसाचे किती, हे सांगता येत नाही. प्रभावाबाहेरील १२ विहिरी त्याचसाठी मोजल्या असाव्यात. त्यांचे काय झाले, ते पान सांगत नाही.

सारांश तयार झाल्यावर तो दुसऱ्या व्यक्तीच्या हाती छायाचित्रासह द्यावा आणि प्रत्येक क्रमांकाचे वाक्य तिला चित्रात बोटाने दाखविता येते काय, हे पाहावे. समजा, ग्रामपंचायतीपुढे दोन प्रस्ताव आहेत: जुन्या पाझर तलावातील गाळ काढणे आणि तलावापासून दीड किलोमीटरवर पिण्याच्या पाण्याची विहीर घेणे. पहिल्या प्रस्तावासाठी या पानाचा हवाला देता येणार नाही, कारण सहावे वाक्य तो विषय सोडून देते. दुसऱ्याच्या बाबतीत, तलावाचे पाणी या विहिरीला लागेल या अपेक्षेला पाचवे वाक्य आधार देत नाही. दोन्ही ठिकाणी आठव्या वाक्यातील शिफारस उद्धृत करून ठराव सजविता आला असता. पावसाच्या नोंदी आणि १२ विहिरींचे तक्ते पाहण्यासाठी मात्र ग्रंथालयात पुन्हा जावे लागेल, आणि त्या खेपेस अनुक्रमणिकेच्या पानाचेही छायाचित्र घ्यावे.