कागद कुणाच्या अधिकारात निघाला?

अगं, अध्यादेश, अधिनियम, अधिसूचना, शासन निर्णय आणि परिपत्रक अशा पाच व्याख्या रात्रभर घोकत बसू नकोस. एकच उदाहरण नीट धर, सेवा हक्काचं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताईने तुला सेतूत पाठवलं होतं ना, त्या दाखल्याशीच या उदाहरणाचा संबंध आहे.

नागरिकांना सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात असा कायदा राज्याला करायचा होता. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नव्हतं, म्हणून 28 एप्रिल 2015 रोजी राज्यपालांनी अध्यादेश काढला. राज्यघटनेच्या कलम 213 खाली त्यांना तो अधिकार आहे. अध्यादेशाला बळ कायद्याइतकंच, पण आयुष्य उसनं. अधिवेशन पुन्हा सुरू झालं की सहा आठवड्यांत त्याची जागा घेणारा कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो. इथे मात्र विधेयक पावसाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015' जन्माला आला.

आता गंमत बघ. या अधिनियमात तुझ्या दाखल्याचं नावसुद्धा नाही! आमदारांनी शेकडो सेवांच्या मुदती सभागृहात बसून कशा ठरवायच्या? म्हणून कलम 3 ने ते काम त्या त्या खात्यावर सोपवलं. कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार, अपील कुणाकडे, हे खातं अधिसूचनेने जाहीर करतं. अधिसूचनेची पहिली ओळ वाचत जा. 'अमुक कलमान्वये प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' असं तिथे असतं. तिची ताकद त्या कलमातून येते, म्हणून मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडही होऊ शकतो.

शासन निर्णय म्हणजे आपला जीआर. तो सरकारचा स्वतःच्या कारभाराबद्दलचा निर्णय असतो. योजना सुरू करणं, पदं मंजूर करणं, समिती नेमणं, असं काहीही. आधी प्रस्तावना, मग निर्णय आणि शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ. खाली संकेतांक असतो. तो gr.maharashtra.gov.in वर टाकून बघ. व्हॉट्सअॅपवर फिरणारे बनावट जीआर तिथेच उघडे पडतात.

परिपत्रक त्याहून साधं. आधीच ठरलेलं कसं राबवायचं ते त्यात हाताखालच्या कार्यालयांना सांगितलेलं असतं.

परीक्षेत हमखास फसवणारा प्रश्न इथेच येतो. समजा, एखाद्या परिपत्रकाने तुझ्या दाखल्याची मुदत परस्पर दुप्पट केली, तर? चालणार नाही. कायदा जिथे गप्प आहे तिथली रिकामी जागा सरकार सूचनांनी भरू शकतं, पण कायद्याने किंवा नियमांनी ठरवलेलं अशा सूचनांनी खोडता येत नाही. संतराम शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. मुदत बदलायची तर अधिसूचनाच बदलायला हवी. तोवर खिडकीवरच्या माणसाने परिपत्रक नाचवलं, तरी तू अधिसूचनेतली मुदत मोज आणि अपिलाचा अर्ज भर.