परदेशातील मैत्रिणीस पत्र

मॉरिशस हा हिंदी महासागरातील बेटांचा देश आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून काही लोक तेथे मजुरीसाठी गेले. आजही तेथील काही मुले शाळेत मराठी शिकतात. अशाच एका मुलीला सलमाने लिहिलेले हे पत्र वाचा. त्यात चुका आहेत.

मालेगाव,
१२ जुलै

प्रिय मीरा,
सप्रेम नमस्कार.
तुझा पत्र मिळाला. मीने तो दोन वेळा वाचला. इथे पाऊस सुरू आहे. तुमच्याकडे जुलैत थंडी असते ना? माझे अब्बा यंत्रमागावर काम करतात. अम्मीही कामाला जाते, म्हणून दुपारी घर खाली असते. रविवारी आपण सगळे नानीकडे धुळ्याला जाणार आहोत. पत्र लिही.
तुझी मैत्रीण,
सलमा

आता चुका पाहू.

उर्दूत ‘ख़त’ पुल्लिंगी आहे, म्हणून सलमाने ‘तुझा पत्र’ लिहिले. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. ‘पत्र’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘तुझे पत्र मिळाले’ असे लिहावे. केवळ शब्द पाहून लिंग नेहमी कळत नाही. कागद, भिंत, घर या तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘अ’ आहे. पण तो कागद, ती भिंत, ते घर. म्हणून नवा शब्द तो, ती किंवा ते लावूनच पाठ करा.

‘मैं ने’ वरून ‘मीने’ झाले. मराठीत मी, आम्ही, आपण, तू, तुम्ही यांना येथे ‘ने’ लागत नाही. ‘मी ते दोन वेळा वाचले’ हे बरोबर. मात्र इतरांना ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो : सलमाने पत्र वाचले, अब्बांनी पत्र वाचले. क्रियापद उर्दूप्रमाणेच कर्माच्या मागे जाते. मी पत्र वाचले, पण मी चिठ्ठी वाचली.

‘घर खाली असते’ हे वाचून मीरा गोंधळेल. घर खाली, मग वर काय? उर्दूतील ‘ख़ाली’ म्हणजे मराठीत ‘रिकामे’. मराठीतील ‘खाली’ म्हणजे ‘नीचे’. येथे ‘दुपारी घरात कोणी नसते’ असे लिहिले तर अधिक चांगले.

शेवटची चूक सहज दिसत नाही, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. उर्दूत एकच ‘हम’ आहे. मराठीत ऐकणारा सोबत असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. ‘आपण सगळे धुळ्याला जाणार आहोत’ असे वाचून मीराला वाटेल, आपल्यालाही नेणार! सलमाने ‘आम्ही सगळे’ लिहायला हवे होते.

स्वाध्याय : ‘आम्ही’ की ‘आपण’ ते ठरवून लिहा.
१. मीरा, तू इथे आलीस की ______ किल्ला पाहू.
२. मीरा, काल ______ तुझी खूप आठवण काढली.