ताबा म्हणजे नेमका कोणता?

पुनर्विकासाचे करार लिहिणारा वकील म्हणून माझ्या हातून झालेली सर्वांत महागडी चूक एका साध्या शब्दाची होती. ठाण्यातली 28 सभासदांची सोसायटी. मी लिहिलं होतं : ‘नव्या सदनिकेचा ताबा देईपर्यंत विकासक प्रत्येक सभासदाला दरमहा 30,000 रुपये भाडे देईल.’ पुढे दुसऱ्या कलमात, फर्निचरच्या कामासाठी आधी ‘ताबा’ देण्याची सोय होती. तीही मीच लिहिलेली.

मार्चमध्ये विकासकाचं पत्र आलं, किल्ल्या घ्या आणि सुतार लावा. त्याच महिन्यात भाडं बंद. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं नोव्हेंबरात. आठ महिन्यांचे 67,20,000 रुपये कोणाचे, यावर दोन्ही बाजू एकाच करारावर बोट ठेवून भांडत होत्या. आणि दोघंही बरोबर होते.

1. एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या असतील, तर व्याख्या लांबवून भागत नाही. दुसऱ्या गोष्टीला वेगळं नाव द्यावं लागतं. आता मी लिहितो : ‘“ताबा” म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सदनिकेची किल्ली लेखी पोच घेऊन सभासदाला देणे.’ त्याआधी सुतारासाठी किल्ली दिली, तर तो ‘कामापुरता प्रवेश’. पुढे एक वाक्य : कामापुरत्या प्रवेशाने भाडे थांबणार नाही.

2. शाळेत शब्दाची पुनरुक्ती टाळायला शिकवतात. करारात ती सवय मोडावी लागते. एका पानावर सदनिका, दुसऱ्यावर फ्लॅट, तिसऱ्यावर गाळा असं लिहिलं, की समोरचा वकील विचारतो : वस्तू एकच होती, तर शब्द तीन का वापरले? प्रश्न रास्त असतो.

3. ‘म्हणजे’ आणि ‘यात समावेश होतो’ यांत मोठं अंतर आहे. पहिल्याने यादी बंद होते, दुसऱ्याने उघडी राहते. ‘सामाईक सोयींत लिफ्ट, जिना आणि पंपघर यांचा समावेश होतो’ असं लिहिलं तर गच्चीवरही दावा सांगता येतो. ‘म्हणजे’ लिहिलं असतं तर गच्ची बाहेर राहिली असती. ‘म्हणजे व यात समावेश होतो’ असं दोन्ही एकत्र लिहिणाऱ्याने आधी स्वतःला काय हवंय ते ठरवावं.

4. कार्पेट एरिया हा सर्वांत फसवा शब्द आहे, कारण तो सगळ्यांना कळतो असं सगळ्यांना वाटतं. 2016 च्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे : बाहेरच्या भिंती, सेवांचे शाफ्ट, सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही, आतल्या विभाजक भिंती मात्र धरायच्या. आता समजा, जुनं घर टेप लावून, आतल्या भिंती सोडून, 400 चौरस फूट भरलं. करारात ‘25 टक्के जादा कार्पेट’, म्हणजे 500. हे 500 रेराच्या मापाने मोजले आणि आतल्या भिंतींनी 18 खाल्ले, तर पाय ठेवायला 482 उरतात. जुन्याच पद्धतीने पाहिलं तर वाढ साडेवीस टक्के. कोणी फसवलं नाही, टेप बदलली. म्हणून जुनं आणि नवं घर एकाच पद्धतीने मोजायचं, असं कलम टाकावं आणि दोन्हींचे मोजमाप-नकाशे सह्या करून जोडावेत. नकाशा आणि मजकूर जुळला नाही तर कोणता चालेल, तेही तिथेच लिहावं. मराठी-इंग्रजी अशा दोन प्रती असतील, तर त्यांच्याबद्दलही.

5. ‘कोर्ट लावेल अर्थ’ या भरवशावर राहू नये. करार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे अर्थ निश्चित करता येत नाही असा करार शून्यवत ठरतो. तिथलं उदाहरण मला फार आवडतं : शंभर टन तेल विकायचं ठरलं, पण कोणतं तेल ते कुठेच नाही, तर करार टिकत नाही, विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल तर टिकतो. संदिग्ध मजकुराचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असाही एक नियम आहे. दोन्ही बाजूंनी वकील लावून घासाघीस केलेल्या करारात त्याला फारसा जोर राहत नाही, पण विकासकाच्या वकिलाने तो काढलाच. मसुदा सोसायटीचा होता ना!

शेवटी पाच महिन्यांच्या भाड्यावर तडजोड झाली. सोसायटीचे 25,20,000 गेले. अध्यक्षकाका रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “वकीलसाहेब, तो शब्द तुम्ही किती वेळा लिहिलाय ते मोजलंत का?” घरी येऊन मोजलं. अकरा वेळा, तीन अर्थांनी.

तुमच्या सोसायटीचा मसुदा आला असेल, तर सही करण्याआधी पेन्सिल घेऊन तेवढं मोजून घ्या.