राजीनामा दिल्यावर मेडिक्लेमचं काय होतं?

ऑफर लेटरला जोडलेल्या सीटीसीच्या तक्त्यात बेसिक, एचआरए, पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या खाली एक ओळ असते. समजा तिथं लिहिलंय, ‘ग्रुप मेडिक्लेम : वर्षाला ९,००० रुपये’. भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात नोकरी बदलताना बहुतेक जण हातात किती पडणार ते बघतात आणि ही ओळ सोडून देतात. पण ९,००० हा फक्त कंपनीचा खर्च आहे. तुमच्या घरासाठी त्या विम्याची किंमत त्याहून बरीच जास्त असू शकते किंवा कमीही असू शकते.

एक उदाहरण घेऊ. म्हाळुंगेच्या एका कारखान्यात चार वर्षं काम केलेला ४१ वर्षांचा सुपरवायझर. घरात बायको, दोन मुलं, आई आणि मधुमेह असलेले वडील. सगळ्यांचा मिळून ३ लाखांचा विमा. खोलीचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंत मंजूर. आईवडिलांच्या क्लेमवर २० टक्के को-पे.

खरी किंमत कशी काढायची?

याच सहा माणसांसाठी, एवढ्याच रकमेच्या वैयक्तिक पॉलिसीचे दर दोन-तीन विमा कंपन्यांकडून मागवा. वडिलांचा मधुमेह लपवू नका. जो आकडा येईल, तो या ओळीच्या किमतीचा पहिला भाग.

दुसरा भाग रुपयांत दिसत नाही. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांनाही थांबावं लागतं. चांगल्या ग्रुप पॉलिसीत हे सगळं पहिल्या दिवसापासून मिळतं, बऱ्याचदा बाळंतपणसुद्धा. म्हणून एकट्या, धडधाकट पंचविशीच्या मुलाला ही ओळ ९,०००चीच असेल. ज्याच्या घरात मधुमेही वडील आहेत, त्याच्यासाठी तिचं मोल कितीतरी जास्त आहे. नव्या कंपनीत पगार महिन्याला हजार रुपयांनी वाढणार असेल आणि आईवडिलांचा विमा जाणार असेल, तर सही करण्याआधी हा हिशेब मांडा.

३ लाखांतले किती मिळतात?

समजा, वडिलांचं ऑपरेशन झालं. चार दिवस ६,००० रुपये भाड्याची खोली घेतली. बिल झालं २ लाख. त्यात खोलीचे २४,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे ६०,००० आणि सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरेचे १,१६,०००.

मंजूर भाडं ३,००० असताना खोली दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून खोलीचे १२,०००च मिळतात. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. सर्जन आणि थिएटरचे दर खोलीच्या वर्गावर ठरतात, त्यामुळे तो खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो आणि ५८,००० उरतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागू नाही, ते ६०,००० पूर्ण धरले जातात. एकूण मंजूर झाले १,३०,०००. त्यावर २० टक्के को-पे गेला की हातात १,०४,०००. खिशातून ९६,००० गेले.

तीच शस्त्रक्रिया त्याच रुग्णालयात ३,०००च्या खोलीत झाली असती, तर बिल कमी आलं असतं आणि फक्त को-पे भरावा लागला असता. म्हणून ॲडमिट करताना काउंटरवर पहिला प्रश्न विचारा : ‘आमच्या पॉलिसीत बसणारी खोली कोणती?’

शेवटचा दिवस

कंपनीचा मेडिक्लेम कंपनीच्या क्वार्टरसारखा असतो. नोकरी आहे तोवर राहायचं, नोकरी सुटली की किल्ली परत करायची. बहुतेक पॉलिसींमध्ये शेवटच्या कामाच्या दिवशी तुमच्यासोबत बायकामुलांचं आणि आईवडिलांचंही संरक्षण संपतं. ३१ तारखेला इथून सुटून १६ तारखेला दुसरीकडे हजर झालात, तर मधले पंधरा दिवस घरातलं कुणीच विम्यात नसतं. रिटायर होणाऱ्यासाठी आणि कामावरून कमी केलेल्यासाठी तर हे पंधरा दिवसांवर थांबत नाही.

यावर एक वाट आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतल्या सभासदाला आणि त्याच्या कुटुंबाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे. याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात. आपल्या सुपरवायझरचे वडील चार वर्षं त्याच विमा कंपनीकडे होते, म्हणजे ३६ महिने भरून गेले. पण ही सवलत जुन्या ३ लाखांपुरतीच. नवी पॉलिसी १० लाखांची घेतली, तर वरच्या ७ लाखांसाठी प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

मर्यादाही समजून घ्या. हप्ता आता तुम्ही भरायचा आणि तो वयानुसार वैयक्तिक दराने. विमा कंपनी तपासण्या सांगू शकते, जास्त हप्ता लावू शकते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढा भार मात्र कमी झाला.

नोटीस पीरियड सुरू झाला की तीन कामं करा. पहिलं, विमा नेमक्या कोणत्या तारखेला संपतो ते एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या. दुसरं, सगळ्यांची ई-कार्डं, पॉलिसी नंबर, विम्यात आल्याची तारीख आणि जुन्या क्लेमची पत्रं स्वतःच्या ईमेलवर घ्या. कंपनीचा मेल आयडी बंद झाला की टीपीएच्या पोर्टलचं लॉगिनही जाऊ शकतं. तिसरं, मायग्रेशनचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी विमा कंपनीकडे द्या. कार्डावर टीपीएचं नाव ठळक असतं म्हणून अनेक जण तिथंच विचारतात, पण टीपीए फक्त क्लेम हाताळतो. पॉलिसी देणारी कंपनी वेगळी असते आणि तिचं नावही कार्डावर असतं.

तिनं नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही, तर पुण्यात नारायण पेठेतल्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार करता येते. त्याला फी नाही.

ईएसआयवाल्यांचं वेगळं

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात. कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जमा होतात. इथं काम सुटलं की उपचार लगेच थांबत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. म्हणून ऑगस्टमध्ये काम सुटलेल्या कामगारानं चिंचवडच्या मोहननगर रुग्णालयात ‘आता आपलं काही नाही’ असं समजून जाणं सोडू नये. पाच वर्षं विमित नोकरी करून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. ही गोष्ट निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कामगाराला सांगायला हवी.

म्हणजे या पट्ट्यात सर्वांत उघड्यावर येतो तो २१,०००च्या वर गेलेला माणूस, ज्याचा सगळा भरवसा कंपनीच्या कार्डावर आहे. तुम्ही त्यातले असाल, तर तब्येत चांगली आहे तोवर स्वतःच्या नावावर एक लहान का होईना पॉलिसी आजच सुरू करा. तिचा प्रतीक्षा काळ नोकरी चालू असतानाच संपून जाईल. आणि राजीनामा देणारच असाल, तर रिलीव्हिंग लेटरच्या आधी मायग्रेशनच्या अर्जाची पोच हातात घ्या.