नवीन अभ्यासगटात स्वागत: ओवी स्वतःला लावायची, दुसऱ्याला नाही



लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इकडच्या घराघरांतून दादा, ताई, काका-काकू आणि मुलं या दासबोध अभ्यासगटात येत आहेत. महाराजांची आज्ञा एवढीच आहे की ग्रंथ नुसता पूजेत ठेवू नका, थोडा थोडा वाचा आणि आचरणात आणा. हा संदेश वर पिन करून ठेवला आहे. नवीन येणाऱ्यांनी आधी तो पूर्ण वाचावा, मग लिहावं.

*काय वाचणार*

दासबोधात २० दशक आहेत आणि प्रत्येक दशकात १० समास, म्हणजे २०० समास. आपण आठवड्याला एकच समास घेणार. पहिला दशक स्तवनांचा आहे, तो घरी सगळ्यांनी मिळून वाचावा. गटात सुरुवात दुसऱ्या दशकापासून. त्याचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. हे दहा समास दहा आठवड्यांत करू, मग पुढचं ठरवू.

सोमवारी सकाळी समास कोणता ते कळवलं जाईल. शनिवारपर्यंत आपापलं लिहायचं. रविवारी न सुटलेल्या शंका एकत्र करून जाणत्या मंडळींना विचारू. कोणाची दिवसपाळी, कोणाची रातपाळी, हे माहीत आहे. म्हणून ठरलेली वेळ नाही, आणि लगेच उत्तर आलं नाही तर कोणी मनाला लावून घेऊ नये.

*काय लिहायचं*

प्रत्येकाने आठवड्यात एकदाच लिहावं, त्यात तीन गोष्टी असाव्यात.

१. ओवीचा पत्ता. आधी दशक, मग समास, मग ओवी. २-१ लिहिलं की दुसऱ्या दशकाचा पहिला समास, त्यापुढे ओवीचा क्रमांक. ओवी छापील पुस्तकात बघूनच लिहावी किंवा त्या पानाचा फोटो टाकावा. समर्थांच्या नावाने फिरणाऱ्या पुष्कळ ओळी दासबोधात नसतातच. पत्ता मागितला की लगेच समजतं.

२. तुम्हाला लागलेला अर्थ, दोन-चार वाक्यांत, आपल्या बोलीत. अहिराणीत सांगितला तरी चालेल, उलट आजीलाही कळेल. काही शब्द जुने आहेत. 'अंतुरी' म्हणजे बायको, 'निर्बुजणे' म्हणजे गांगरून जाणे. शब्द अडला तर अंदाजाने अर्थ लावू नका, 'हा शब्द कळला नाही' एवढंच लिहा. तेही लिहिणंच आहे.

३. ती ओवी मला स्वतःला कुठे लागली. दुसऱ्याला नाही, मला.

एक नमुना देतो. मूर्खलक्षणांत पुस्तकाबद्दलही सांगितलं आहे. वाचताना अक्षरं गाळणारा, मनाची अक्षरं घालणारा आणि पोथीची निगा न राखणारा मूर्खांत धरला आहे. स्वतः वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही आणि पुस्तक बांधून ठेवतो, तोही. यावर एका ताईंनी लिहिलं: "आमच्या घरी सासऱ्यांचा दासबोध लाल कपड्यात बांधून देव्हाऱ्यात आहे. मुलगा हात लावायला गेला की मी ओरडते, फाडशील म्हणून. शाळेत हिंदी असल्याने त्याला अक्षरं ओळखता येतात. या आठवड्यात हात धुऊन त्याच्याकडून पाच ओव्या वाचून घेतल्या. 'ळ'ला अडखळला." बस, इतकंच. सासऱ्यांवर टीका नाही, उपदेश नाही. स्वतःचं एक वागणं दिसलं आणि त्यात काय बदल केला ते लिहिलं.

लिहायला संकोच वाटत असेल तर आवाजात बोलून पाठवा, दोन मिनिटांच्या आत. घरी समजतं पण चारचौघांत बोलायला जो लाजतो आणि गांगरतो, तोही याच समासात आहे. तेव्हा चूक होईल म्हणून गप्प बसू नका.

*तिसऱ्या गोष्टीवर इतका भर का*

हे माझ्या चुकीतून शिकलो, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गटात मी याच समासातली एक ओवी टाकली. सासऱ्याच्या घरी जाऊन राहणाऱ्यालाही त्यात मूर्ख म्हटलं आहे. खाली मी लिहिलं, "समजणाऱ्याला इशारा पुरे." माझा धाकटा भाऊ तेव्हा सासुरवाडीला राहत होता. त्याने उत्तर दिलं नाही, रात्री गटातून बाहेर पडला. पुढच्या रामनवमीला उपासनेलाही आला नाही. नंतर कळलं, त्याच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता आणि त्यांना उचलून बसवायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

ओवी खरी होती, पुस्तकात बघूनच लिहिली होती. पण समर्थांनी ही लक्षणं ज्याने त्याने आपल्यातली शोधून टाकावीत म्हणून सांगितली आहेत. मी त्यांचा दगड केला. पढतमूर्खाचा समास वाचला तेव्हा लाज वाटली. जो दोष दुसऱ्याला लावतो तोच आपल्यात आहे हे ज्याला कळत नाही, त्याला तिथे पढतमूर्ख म्हटलं आहे. न वाचलेल्या माणसाला एकच समास लागू पडतो, वाचलेल्याला दोन्ही.

मी भावाच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, ओवीचं वाईट नाही वाटलं. तू आधी फोन केला नाहीस याचं वाटलं." आज तो या गटात आहे आणि हे लिहायला त्याची संमती घेतली आहे.

टोमणा ओळखायचा कसा? ओवी पाठवण्याआधी स्वतःला विचारा, हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कोण आलं? सून आली, जावई आला, वहिनी आली, तर ती ओवी पाठवू नका. त्याच समासात आपल्यावर येणारी दुसरी शोधा. नक्की सापडते.

*इथे काय होणार नाही*

सुप्रभातची चित्रं, दुसरीकडून आलेले संदेश, चमत्काराच्या गोष्टी, देणगीची मागणी इथे नको. घरातल्या माणसाचं नाव घेऊन किंवा नाव न घेता बोट दाखवून काही लिहू नये. असं दिसलं तर सेवेकरी ते काढून टाकतील आणि लिहिणाऱ्याला आधी खाजगीत फोन करतील, सगळ्यांसमोर बोलणार नाहीत. इथे कोणी मनातलं लिहिलं तर ते बाहेर पाठवायचं नाही, त्याचा फोटोही काढायचा नाही. दोघांत वाद सुरू झाला तर बाकीच्यांनी मजा बघत बसू नये. भांडण न सोडवता बघत उभा राहणाराही त्याच समासात आहे!

आणि एक अपेक्षा ठेवू नका. घरातले कठीण प्रश्न या गटात सुटत नाहीत. त्यासाठी उपासनेच्या दिवशी समोरासमोर बसावं. इथे फक्त ग्रंथ आणि आपण.

*आल्यावर पहिलं काम*

तीन ओळी लिहा: नाव, सुरतमधला भाग, आणि घरी छापील दासबोध आहे का. नसेल तर सांगा, सेवेकरी सोय बघतील. घरचा पत्ता, जन्मपत्रिका, आधार कोणी मागणार नाही आणि कोणी देऊही नये.

या सोमवारी २-१ सुरू होतोय. पोथीची गाठ आजच सोडून ठेवा.

।। जय जय रघुवीर समर्थ ।।