पाठपुराव्याची तारीख

बालाघाटचा चिन्नोर तांदूळ विकणाऱ्या ओळखीच्या दुकानाची यादी मी ठेवतो. संकेतस्थळावरील फॉर्मची प्रत्येक ईमेल म्हणजे एक ओळ. प्रेषक म्हणून बहुधा संकेतस्थळाचाच पत्ता येतो. गिऱ्हाइकाचा पत्ता मजकुरातून घ्यावा, नाहीतर सारी मंडळी एकच ठरतात.

मागणी ५० किलोंवर असल्यास ३ गुण, फोन दिला असल्यास २, केव्हा हवा हे लिहिले असल्यास १. चार वा अधिक गुणांना दुसऱ्याच दिवशी फोन, इतरांना सात दिवसांनी.

माझी चूक तारखेत झाली. सूत्रात `TODAY()` घातल्याने तारीख रोज पुढे सरके. ८० किलोंच्या एका चौकशीची पाळी आलीच नाही! आता ईमेलची तारीख `A2` मध्ये, गुण `E2` मध्ये:

```
=A2+IF(E2>=4,1,7)
```

उत्तर पाच आकडी संख्येत दिसले, तर त्या घराला तारखेचे रूप द्यावे.